महिन्याचा शेवटचा दिवस कुठे जातो?

साठ खाटांचं एक रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या गावातलं, खासगी. बाह्यरुग्ण विभाग, लहानशी प्रयोगशाळा, औषधांचं दुकान, दोन शस्त्रक्रियागृहं. रुग्णालय कल्पित आहे. त्याच्या हिशेबात शिरलेली चूक मात्र कुठल्याही गावात, कुठल्याही धंद्यात सापडेल अशी आहे.

इथे रुग्णाला लावलेल्या प्रत्येक रकमेची नोंद संगणकात `charges` नावाच्या तक्त्यात होते. नोंदीत `amount` म्हणजे रक्कम आणि `charged_at` म्हणजे ती कधी लावली तो क्षण. रक्ततपासणी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी झाली, तर तारखेबरोबर ते तास, मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचे अंशही साठतात. खाटेचं भाडं तेवढं वेगळ्या वाटेने येतं. ते कुणी हाताने भरत नाही. रोज मध्यरात्री एक छोटा प्रोग्रॅम आपोआप चालतो आणि दाखल असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या नावावर त्या दिवसाचं भाडं टाकतो. हा प्रोग्रॅम फक्त तारीख लिहितो, वेळ देत नाही. त्यामुळे या नोंदींवर वेळ पडते ती बरोबर `00:00:00`. हा तपशील लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा आडवा येणार आहे.

महिना संपला की हिशेबनीस एक अहवाल काढतात: मार्च महिन्यात एकूण किती रकमेची आकारणी झाली? त्या बटणामागे ही क्वेरी असते.

```sql
SELECT SUM(amount)
FROM charges
WHERE charged_at BETWEEN '2025-03-01' AND '2025-03-31';
```

वाचायला इतकी सरळ की तिच्यावर शंका घ्यावी असं काही दिसत नाही. १ मार्च ते ३१ मार्च यांच्या दरम्यानच्या नोंदी घे आणि बेरीज कर. अनेकांना वाटतं, की `BETWEEN` टोकं सोडून देत असेल आणि चूक तिथेच असेल. तसं नाही. एसक्यूएलच्या नियमानुसार `BETWEEN` दोन्ही टोकं धरतं. `x BETWEEN a AND b` याचा अर्थ x हा a इतका किंवा त्याहून मोठा आणि b इतका किंवा त्याहून लहान. टोक धरलं जातं. प्रश्न असा आहे, की टोक नेमकं कुठे आहे?

`charged_at` या रकान्यात क्षण आहेत आणि आपण दिली आहे नुसती तारीख. दोन वेगळ्या जातींची तुलना करायची तर डेटाबेसला एकीचं रूपांतर दुसरीत करावं लागतं. तो तारखेचा क्षण करतो, आणि वेळ सांगितलेली नसल्यामुळे शून्य तास, शून्य मिनिटं, शून्य सेकंद जोडतो. म्हणजे `'2025-03-31'` या मजकुराचा अर्थ त्याच्या लेखी ‘३१ मार्च हा दिवस’ असा होत नाही. ‘३० मार्चची रात्र संपून ३१ उजाडायला लागली तो पहिला क्षण’ असा होतो. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडासारखी ही गोष्ट आहे. ३१ आकड्याचा दगड हा एक ठिपका आहे. त्याच्यापुढचा किलोमीटरभर रस्ता दगडात मावत नाही. आपली क्वेरी त्या दगडाला हात लावून परत फिरते.

मग ३१ मार्चच्या दिवसभरातल्या तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया सगळ्या बाहेर राहतात. आत येतात फक्त त्या नोंदी, ज्यांची वेळ नेमकी `00:00:00` आहे. म्हणजे खाटेचं भाडं.

चूक लपते कशी, ते इथे कळतं. ३१ तारीख पूर्ण कोरी राहिली असती, तर तारीखवार तक्त्यात ते भोक कुणालाही दिसलं असतं. पण तिथे आकडा असतो. साठ खाटा, प्रत्येकी दीड हजार रुपये भाडं, सगळ्या भरलेल्या धरल्या तर ९०,००० रुपये. एरवी दिवसाला सरासरी ४ लाख रुपयांची आकारणी होते असं धरू. ३१ तारखेला ९० हजार पाहून माणूस म्हणतो, ‘महिनाअखेर होती, काम कमी झालं असेल’, आणि पान उलटतो. बहुतेक वेळा तर तारीखवार तक्ता कुणी उघडतच नाही. एकूण बेरजेवरच नजर असते.

बेरजेत किती फरक पडतो? रोजचे ४ लाख कायम धरले तर मार्चचे ३१ दिवस मिळून खरी रक्कम १ कोटी २४ लाख. अहवाल सांगतो ३० दिवसांचे १ कोटी २० लाख आणि वर ९० हजार, म्हणजे १ कोटी २० लाख ९० हजार. तूट ३ लाख १० हजारांची. अडीच टक्के. रुग्णालयाच्या उत्पन्नात महिन्यामहिन्याला याहून मोठे चढउतार होतच असतात. विमा कंपनीकडून मंजुरी यायची राहिली, सवलत दिली, बिल रद्द झालं, अशी कितीतरी कारणं हाताशी असतात. अडीच टक्क्यांची तूट यांपैकी कोणाच्याही माथी सहज मारता येते. शिवाय ती एखाद्या महिन्यात उगवत नाही, दर महिन्याला साधारण तेवढीच असते. त्यामुळे मागच्या महिन्याशी तुलना केली तरी काही वावगं दिसत नाही. दोन्ही आकडे सारख्याच मापाने कमी असतात.

आता कुणी विचारेल, की असा अहवाल बसवताना कुणी तपासला नव्हता का? बहुधा तपासला होता, आणि तो बरोबरही आला होता. या चुकीमागची सगळ्यात नेहमीची कहाणी अशी असते, की रकाना आधी नुसत्या तारखेचा होता. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसांत `DATE` प्रकारच्या रकान्यात वेळ साठतच नाही. तिथे ३१ मार्चची प्रत्येक नोंद ‘३१ मार्च’ एवढीच असते आणि वरची क्वेरी निर्दोष चालते. पुढे कधीतरी कुणाला कळायला हवं असतं, की गर्दी सकाळी जास्त असते की संध्याकाळी. म्हणून रकान्याचा प्रकार बदलून त्यात वेळही साठवायला सुरुवात होते. जुन्या नोंदींना वेळ नव्हती, त्यामुळे त्या सगळ्यांना `00:00:00` लागतं. क्वेरी तीच राहते. तिला कुणी हात लावत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघतही नाही. मौज अशी, की यानंतर जुन्या महिन्यांचे अहवाल पुन्हा काढून पाहिले तर ते अजूनही अचूक येतात, कारण जुन्या नोंदी सगळ्याच मध्यरात्रीच्या ठिपक्यावर बसलेल्या आहेत. चूक फक्त बदलानंतरच्या महिन्यांत आहे. ‘मागचं सगळं जुळतंय, मग अहवाल बरोबरच असणार’ हा युक्तिवाद इथे हमखास फसवतो.

ओरॅकल वापरणाऱ्यांना तर रकाना बदलण्याचीही गरज पडत नाही. तिथे `DATE` नावाच्या प्रकारातच तास, मिनिटं, सेकंद असतात. नाव बघून गाफील राहिलेला माणूस पहिल्याच दिवशी सापळ्यात असतो.

मग ही चूक पकडतं कोण? माझं मत विचाराल तर प्रोग्रॅमर क्वचितच. ज्याच्याजवळ स्वतःची वेगळी नोंद आहे, तो माणूस पकडतो. आपल्या रुग्णालयात बाहेरून येणारे एक शल्यविशारद आहेत. त्यांना शस्त्रक्रियेच्या रकमेतला ठरावीक वाटा मिळतो आणि तो वाटा याच मासिक अहवालावरून काढला जातो. त्यांनी ३१ तारखेला केलेली शस्त्रक्रिया मार्चच्या अहवालात नसते. एप्रिलच्या अहवालातही नसते, कारण तो १ एप्रिलपासून सुरू होतो. ती कुठल्याच महिन्यात नसते. डॉक्टर आपल्या खिशातल्या डायरीत रोजची नावं लिहीत असतील तर एके दिवशी ते हिशेबनिसांपुढे डायरी ठेवून म्हणतील, ‘भाऊ, हा हर्नियाचा पेशंट तुमच्या यादीत कुठे आहे?’ हिशेबनीस एक नाव शोधायला बसतील आणि त्यांच्या लक्षात येईल, की त्या दिवशीचं एकही नाव नाही. ज्या डॉक्टरांनी डायरी ठेवली नाही, त्यांचे पैसे मात्र गेलेलेच.

डायरीची वाट न पाहता चूक शोधायची असेल, तर हिशेबनिसाला कोडमध्ये न शिरताही करता येईल अशी एक परीक्षा आहे. बारा महिन्यांचे बारा अहवाल काढा आणि त्यांची बेरीज करा. मग त्याच बटणाने १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ असा वर्षाचा एकच अहवाल काढा. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे यायला हवेत. आपल्या उदाहरणात ते येणार नाहीत. प्रत्येक मासिक अहवालात ३ लाख १० हजारांची तूट आहे. बारा महिन्यांची मिळून ३७ लाख २० हजार. वार्षिक अहवालात मात्र फक्त वर्षाचा शेवटचा दिवस गळतो, म्हणून तिथे तूट ३ लाख १० हजारच. दोहोंतला फरक ३४ लाख १० हजार, म्हणजे बरोबर अकरा दिवसांची गळती. प्रत्यक्षात रोजची रक्कम सारखी नसते, त्यामुळे भागाकार इतका स्वच्छ येणार नाही. पण तुकड्यांची बेरीज अख्ख्यापेक्षा कमी भरते आहे, एवढं दिसलं तरी पुरे. तुकड्यांच्या सांध्यांवर काहीतरी सांडतं आहे.

ज्यांना क्वेरी चालवता येते त्यांच्यासाठी याहून झटपट उपाय आहे. अहवालाची जी अट आहे, तीच ठेवून बेरजेऐवजी सर्वांत शेवटची वेळ मागा.

```sql
SELECT MAX(charged_at)
FROM charges
WHERE charged_at BETWEEN '2025-03-01' AND '2025-03-31';
```

चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयात महिन्यातली शेवटची नोंद ३१ तारखेच्या रात्री उशिराची असायला हवी. उत्तर `2025-03-31 00:00:00` असं आलं, तर आणखी पुराव्याची गरज नाही. उत्तर ३० मार्चच्या रात्रीचं आलं, तर मध्यरात्रीच्या नोंदी तुमच्याकडे नसाव्यात, पण रोग तोच.

चूक सापडल्यावर पहिला उपाय जो सुचतो, तो जवळजवळ प्रत्येकाला सुचतो: शेवटच्या तारखेला दिवसाची शेवटची वेळ जोडायची.

```sql
WHERE charged_at BETWEEN '2025-03-01 00:00:00'
                     AND '2025-03-31 23:59:59'
```

लाखो रुपयांची गळती याने थांबते, हे खरं. पण एक सेकंदाची फट राहते. पोस्टग्रेस वेळ मायक्रोसेकंदापर्यंत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत, साठवतं. रात्री ११ वाजून ५९ मिनिटं ५९.६४ सेकंदांनी अपघात विभागात लावलेली रक्कम `23:59:59` च्या पुढे आहे आणि १ एप्रिलच्या अलीकडे. ती पुन्हा दोन्ही महिन्यांबाहेर. एक सेकंद म्हणजे दिवसाचा ८६,४०० वा भाग. साठ खाटांच्या रुग्णालयात महिन्याच्या त्या शेवटच्या सेकंदात नोंद पडायला अनेक वर्षं लागतील. दिवसाला लाखो व्यवहार करणाऱ्या पेमेंट कंपनीत ती दर महिन्याला पडेल. आणि अनेक वर्षांतून एकदा येणारी चूक शोधायला दर महिन्याला येणाऱ्या चुकीपेक्षा कितीतरी अवघड असते.

मग कुणीतरी पुढे सरसावून `23:59:59.999` लिहितो. इथे एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांची खास फजिती होते. त्यातला जुना `datetime` हा प्रकार सेकंदाचे तीनशे भाग करतो; त्याला मिलिसेकंदाच्या जागी शेवटी ०, ३ किंवा ७ एवढेच अंक साठवता येतात. त्यामुळे `.999` हा आकडा त्याच्याकडे नाहीच. तो जवळच्या आकड्याकडे सरकवतो, आणि जवळचा आकडा असतो दुसऱ्या दिवशीचा `00:00:00.000`. म्हणजे आपण लिहिलं ३१ मार्चच्या रात्रीचं टोक आणि डेटाबेसने धरला १ एप्रिलचा पहिला क्षण. `BETWEEN` टोक धरतंच. त्या क्षणावर काय बसलं आहे? १ एप्रिलचं खाटांचं भाडं, साठही खाटांचं. मार्चमध्ये ९० हजार जास्त येतात आणि तेच ९० हजार एप्रिलमध्येही मोजले जातात. तूट होती तिथे आता दुबार मोजणी. `.997` लिहिलं तर या प्रकारापुरतं उत्तर बरोबर येतं, पण २००८ च्या आवृत्तीपासून आलेला `datetime2` हा प्रकार याहून कितीतरी बारीक वेळ साठवतो. रकाना त्यात बदलला की `.997` ची फट पुन्हा उघडी.

मायएसक्यूएलचा स्वभाव आणखी निराळा. तिथल्या साध्या `DATETIME` रकान्यात सेकंदाचे अंश साठत नाहीत, म्हणून `23:59:59` हे टोक तिथे खरोखरच शेवटचं असतं. पण अंशासह आलेली वेळ तो मुळात छाटत नाही, जवळच्या सेकंदाकडे नेतो. म्हणून ३१ मार्चची ती ५९.६४ सेकंदांची नोंद साठतानाच १ एप्रिल होऊन बसते. ती हरवत नाही, पण महिना बदलते.

या सगळ्या ओढाताणीचं मूळ एकच आहे. आपण दिवसाचा शेवटचा क्षण शोधतो आहोत, आणि तो प्रत्येक डेटाबेसमध्ये, प्रत्येक रकान्यात वेगळा आहे. पहिला क्षण मात्र सगळीकडे एकच असतो. मग मार्च जिथे संपतो ते टोक शोधायचं सोडून एप्रिल जिथे सुरू होतो ते टोक घ्यावं आणि तेवढं वगळावं.

```sql
WHERE charged_at >= '2025-03-01'
  AND charged_at <  '2025-04-01'
```

सुरुवात धरायची, शेवट सोडायचा. इथे `BETWEEN` चालत नाही, कारण ते दोन्ही टोकं धरतं. `BETWEEN '2025-03-01' AND '2025-04-01'` लिहिलं तर १ एप्रिलचं भाडं पुन्हा मार्चमध्ये घुसेल. म्हणून दोन तुलना सुट्या लिहायच्या. अक्षरं थोडी जास्त लागतात, तेवढाच खर्च.

पल्ला असा मांडण्याचा आग्रह डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मधल्या एका छोट्या टिपणात धरला होता. त्यांचा विषय तारखा नव्हता, साध्या पूर्णांकांचे पल्ले होता. एखादा पल्ला लिहिण्याच्या चार रीती संभवतात: दोन्ही टोकं धरायची, दोन्ही सोडायची, फक्त पहिलं धरायचं किंवा फक्त दुसरं. पहिलं धरून दुसरं सोडलं तर टोकांची वजाबाकी केली की पल्ल्याची लांबी मिळते, आणि एक पल्ला जिथे संपतो तिथेच पुढचा सुरू होतो. आपल्या महिन्यांना हे नेमकं लागू पडतं. मार्चचं सोडलेलं टोक आणि एप्रिलचं धरलेलं टोक एकच आहे, `2025-04-01`. मध्ये फट नाही आणि एकावर एक चढही नाही. बारा महिन्यांची बेरीज वर्षाइतकी भरणारच. त्यासाठी नशिबाची गरज उरत नाही. त्याच टिपणात झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रातल्या मेसा या प्रोग्रॅमिंग भाषेचा दाखला आहे. तिच्यात चारही रीती लिहिण्याची सोय होती आणि अनुभव असा आला, की बाकीच्या तीन रीती वापरल्या की घोळ होत राहतात. पूर्णांकांना निदान ‘३१ च्या आधीचा आकडा ३०’ असं म्हणता येतं. वेळेच्या बाबतीत ‘१ एप्रिलच्या आधीचा क्षण’ कुठला, हे रकान्याच्या बारकाईवर ठरतं. म्हणून हा आग्रह तारखांच्या बाबतीत अधिकच पटतो.

या रीतीचा आणखी एक फायदा असा, की महिना किती दिवसांचा हे क्वेरीला माहीत असावं लागत नाही. महिन्याची पहिली तारीख घ्यायची आणि तिच्यात एक महिना मिळवायचा. फेब्रुवारी २८ चा असो वा २९ चा, उत्तर १ मार्च. मिळवणी मात्र नेहमी पहिल्या तारखेत करावी. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर पोस्टग्रेस फेब्रुवारीची शेवटची तारीख देतं, आणि तिच्यात पुन्हा महिना मिळवला तर २८ किंवा २९ मार्च. ३१ काही परत येत नाही.

अडचण येते ती पडद्यावर. हिशेबनिसांनी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन चौकटींत १ मार्च आणि ३१ मार्च निवडले, तर तेच योग्य आहे. मार्चच्या अहवालासाठी १ एप्रिल निवडा, असं त्यांना सांगणं हा अन्याय होईल. माणसाने ३१ म्हणावं आणि आत कुठेतरी एक दिवस मिळवला जावा. ‘कुठेतरी’ हा शब्द मात्र इथे धोक्याचा आहे. पडद्याचा कोड लिहिणाऱ्याने एक दिवस मिळवला आणि डेटाबेसचा कोड लिहिणाऱ्यानेही मिळवला, तर मार्चच्या अहवालात अख्खा १ एप्रिल येतो. हा दिवस एकाच जागी मिळवायचा आणि ती जागा कुठली, हे दोघांनी आधी ठरवून घ्यायचं.

तारीखच काढून तुलना करण्याचा एक मार्गही बरेच जण सुचवतात: `DATE(charged_at) BETWEEN '2025-03-01' AND '2025-03-31'`. उत्तर बरोबर येतं आणि वाचायलाही सोपं आहे. फक्त प्रत्येक नोंदीवर ते फलन चालवावं लागत असल्यामुळे `charged_at` वरचा साधा इंडेक्स सहसा कामी येत नाही आणि अख्खा तक्ता चाळावा लागतो. काही हजार नोंदींच्या तक्त्यात याने काही बिघडत नाही. तिथे उगाच वेगाचा बाऊ करू नये. कोट्यवधी नोंदी असतील तर महिन्याचा अहवाल चहा होईपर्यंत येणार नाही.

एक गोष्ट क्वेरी सुधारल्यावरही उरते: ‘मध्यरात्र’ कुठली? आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हरवर वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवत असतील, तर आपला १ एप्रिल तिथे ३१ मार्चच्या १८:३० ला सुरू होतो. टोकांचं भान न ठेवता वरचीच क्वेरी तिथे चालवली, तर १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचपर्यंतच्या आपल्या नोंदी मार्चमध्ये जातील, खाटांच्या भाड्यासकट. आणि १ मार्चचं भाडं फेब्रुवारीत गेलेलं असेल. एक दिवस आला, एक गेला. बेरीज जवळपास खरीच वाटेल. म्हणून अशा ठिकाणी टोकं `2025-02-28 18:30` आणि `2025-03-31 18:30` अशी द्यावी लागतात, किंवा भारतीय वेळेचा विभाग स्पष्ट सांगावा लागतो. परदेशी ग्राहकासाठी काम करणाऱ्यांनी तर साडेपाच तासांसारखा ठरलेला आकडा वापरूच नये. लंडनमध्ये ३० मार्च २०२५ ला घड्याळं एक तास पुढे गेली, त्यामुळे तिथला तो मार्च ७४४ ऐवजी ७४३ तासांचा होता.

डेटाबेसशी संबंध नाही म्हणून निर्धास्त असलेल्यांनी एक्सेल उघडून पाहावं. एक्सेलच्या लेखी तारीख ही एक संख्या असते आणि वेळ हा तिचा अपूर्णांक. ३१ मार्च २०२५ म्हणजे ४५७४७; त्या दिवशीचे संध्याकाळचे सहा म्हणजे ४५७४७.७५. रकाना फक्त तारीख दाखवायला सांगितलेला असेल तर तो अपूर्णांक डोळ्यांना दिसत नाही, पण मोजताना असतो. म्हणून `SUMIFS` मध्ये `"<="&DATE(2025,3,31)` अशी अट दिली की संध्याकाळची नोंद बाहेर. महिन्याची शेवटची तारीख देणारं `EOMONTH` हे फलनही ४५७४७ च देतं, त्यामुळे तेही इथे वाचवत नाही. अट `"<"&DATE(2025,4,1)` अशी हवी.

क्वेरी दुरुस्त झाली की ती तपासायला लाखभर नोंदी लागत नाहीत, चार पुरतात. त्या मात्र टोकावरच्या हव्यात.

```
2025-03-31 00:00:00
2025-03-31 17:40:00
2025-03-31 23:59:59.640
2025-04-01 00:00:00
```

मार्चच्या अहवालात पहिल्या तीन याव्यात, चौथी येऊ नये. पोस्टग्रेसवर मूळ क्वेरी यातली एकच पकडते, `23:59:59` वाली दोन, १ एप्रिलपर्यंतचं `BETWEEN` चारही. सुरुवात धरून शेवट सोडणारी तीन पकडते. महिन्याच्या मधल्या, पंधरा-सोळा तारखेच्या कितीही नोंदी घेऊन तपासलं तरी चारही क्वेरी सारखंच उत्तर देतील, आणि चाचणीचा नमुना बनवणारे नेमक्या त्याच तारखा घेतात.

राहिला प्रश्न मागच्या महिन्यांचा. कोड दुरुस्त करून गप्प बसलात तर पुढच्या महिन्याचं उत्पन्न अचानक अडीच टक्क्यांनी वाढलेलं दिसेल आणि कुणीतरी त्याचं श्रेय घेईल. त्याआधी हिशेबनिसांना सांगा, रकान्यात वेळ कधीपासून साठायला लागली ती तारीख शोधा, आणि तेव्हापासूनच्या प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवसाची यादी वेगळी काढा. डॉक्टरांचा थकलेला वाटा त्या यादीत आहे. तो त्यांनी डायरी दाखवण्याची वाट न पाहता चुकता करा.